गुरू नीच आहे, मग संततीचं काय? कारक ग्रह आणि भाव एकत्र कसे वाचायचे

१९९७ सालची मुलं-मुली लग्नाच्या वयाची झाली आणि इंदूरच्या मराठी घरांमध्ये स्थळांबरोबर त्यांच्या पत्रिका फिरू लागल्या, तेव्हापासून एक वाक्य मला फार ऐकायला मिळतं. "मुलगी छान आहे, शिकलेली आहे, पण गुरू नीच आहे हो. पुढे संततीचं काय?" रामबागेतल्या एक काकू मुलासाठी आलेली पत्रिका घेऊन आल्या होत्या. त्यांचाही प्रश्न हाच होता. मी म्हटलं, "काकू, तुमच्या मुलाची पत्रिका आणली आहे ना? ती उघडा बघू." मुलगाही सत्त्याण्णवचाच होता. त्याचाही गुरू मकरेत, म्हणजे नीच राशीत, जिथे त्याला सगळ्यात दुबळा मानतात.

त्यात नवल काहीच नव्हतं. गुरू एका राशीत साधारण एक वर्ष असतो. तो डिसेंबर १९९६ च्या अखेरीस मकर राशीत शिरला आणि जानेवारी १९९८ मध्ये तिथून बाहेर पडला. म्हणजे १ जानेवारी ते ३१ डिसेंबर १९९७ या काळात जगात कुठेही जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा गुरू मकरेतच आहे. इंदुरातलं आणि बडोद्यातलं बाळ, श्रीमंताचं आणि गरिबाचं, पुढे चार मुलांची आई होणारी मुलगी आणि मूल न होणारी मुलगी, सगळ्यांचा गुरू एकाच राशीत. म्हणून एकट्या गुरूच्या राशीवरून एखाद्या मुलीच्या संततीबद्दल बोलणं शास्त्राला धरून नाही. कारकाचं शास्त्र तसं वापरायचं नसतंच. ते कसं वापरायचं, हे त्याच वर्षीच्या दोन कुंडल्या घेऊन पाहू.

आधी कारक म्हणजे काय ते. कुंडलीत बारा स्थानं असतात आणि प्रत्येक स्थानाकडे आयुष्यातले काही विषय दिलेले असतात. पंचम स्थान संततीचं, सप्तम जोडीदाराचं, चतुर्थ आईचं, नवम वडिलांचं. याशिवाय प्रत्येक ग्रहाकडेही काही विषय कायमचे सोपवलेले आहेत. रवी वडिलांचा, चंद्र आईचा, मंगळ भावंडांचा, गुरू संततीचा, शुक्र जोडीदाराचा आणि शनी आयुष्यमानाचा. लग्न, म्हणजे जन्मावेळी पूर्वेला उगवत असलेली रास, कोणतंही असो, हे विषय बदलत नाहीत, म्हणून त्यांना नैसर्गिक कारक म्हणतात. जैमिनी पद्धतीतले आत्मकारक, दाराकारक वगैरे वेगळे. ते ग्रहांच्या अंशांवरून ठरतात आणि प्रत्येक कुंडलीत बदलतात. पुष्कळदा बोलताना या दोन्हींची सरमिसळ होते. इथे आपण फक्त नैसर्गिक कारकांबद्दल बोलतो आहोत.

आता भाव आणि कारक यांतला मुख्य फरक. लग्नरास साधारण दर दोन तासांनी बदलते आणि तिच्याबरोबर बाराही स्थानांच्या राशी बदलतात. त्यामुळे पंचम स्थानात कोणती रास आली, तिचा स्वामी कोण आणि तो कुठे जाऊन बसला, ही माहिती त्या माणसाची स्वतःची असते. एकाच दिवशी, एकाच वॉर्डात सकाळी आणि दुपारी जन्मलेल्या दोन बाळांचे पंचमेश वेगळे निघतात. कारकाची रास मात्र त्या काळात जन्मलेल्या सगळ्यांची सामाईक असते. गुरूच्या बाबतीत ती वर्षभर सारखी राहते, शुक्राच्या बाबतीत बहुधा महिनाभर. कारकाचं व्यक्तिगत अंग म्हणजे तो कोणत्या स्थानात पडला आणि कुठे पाहतो, आणि तेही पुन्हा लग्नावरच अवलंबून.

म्हणून संततीचा विचार करताना तीन साक्षीदार बोलवायचे. पहिला पंचम स्थान: त्यात कोण बसलं आहे, त्याच्यावर कोणाची दृष्टी आहे. दुसरा पंचमेश: तो कोणत्या स्थानात, कोणत्या राशीत, कोणाच्या सोबतीत आहे. तिसरा गुरू. तिघांनी एकच सांगितलं तर ज्योतिषी ठामपणे बोलतो. दोघांचं जमलं आणि तिसरा वेगळं बोलला, तर फळ मिळतं पण वेळ लागतो किंवा प्रयत्न पडतात, असं म्हणायची रीत आहे. एकटा कारक वेगळं बोलत असेल आणि भाव व भावेश भक्कम असतील, तर माझ्या मते भाव आणि भावेशाचंच जास्त ऐकावं, कारण ती माहिती त्या माणसाची आहे.

आता त्या दोन कुंडल्या. रात्र कोजागिरीची, १५ ऑक्टोबर १९९७. इंदुरात दोन मुली जन्मल्या असं धरू, पहिली रात्री अकरा वाजता आणि दुसरी मध्यरात्रीनंतर एक वाजता. मुली नमुन्यापुरत्या कल्पिलेल्या आहेत, ग्रह मात्र त्या रात्रीचेच आहेत. गुरू मकरेत अठरा अंशांच्या आसपास. मंगळ आणि शुक्र दोघेही वृश्चिकेत. शनी मीनेत, आणि कोजागिरीचा चंद्रही मीनेतच, शनीच्या अगदी जवळ. रवी कन्येच्या शेवटच्या अंशांत. बुध कन्या-तुळेच्या सीमेवर आणि रवीच्या इतका निकट की अस्तंगत, म्हणून त्याला या हिशेबात मोठी जागा देत नाही. दोन तासांत यातलं फारसं काही हललं नाही. हललं ते लग्न.

अकरा वाजता इंदूरला मिथुन लग्न होतं. मिथुनेपासून पाचवी रास तूळ. त्या स्थानात ठामपणे मोजावा असा ग्रह नाही, आणि त्याच्यावर शनी-मंगळाची दृष्टीही नाही. म्हणजे पहिला साक्षीदार तटस्थ, ना फार चांगलं बोलतो ना वाईट. तुळेचा स्वामी शुक्र. तो वृश्चिकेत, म्हणजे मिथुनेपासून सहाव्या स्थानात, तेही षष्ठेश मंगळाच्या सोबत. सहावं स्थान रोगाचं आणि खटपटीचं. पंचमेश तिथे गेला की संततीच्या विषयात अडथळा आणि औषधपाणी येतं, असं परंपरा सांगते. दुसरा साक्षीदार अडचण सांगतो. तिसरा गुरू. तो नीच राशीत आणि मिथुनेपासून आठव्या स्थानात. गुरूची दृष्टी तो बसलेल्या स्थानापासून पाचव्या, सातव्या आणि नवव्या स्थानावर असते, म्हणजे इथे वृषभ, कर्क आणि कन्या या राशींवर. पंचमातल्या तुळेवर ती पडत नाही. म्हणजे कारक स्वतः दुबळा, आणि भावाला तो हातही देत नाही.

एक वाजता लग्न झालं कर्क. कर्केपासून पाचवी रास वृश्चिक, आणि त्या राशीत तिचा स्वामी मंगळ स्वतःच बसलेला. पंचमेश पंचमात, स्वराशीत. शिवाय कर्क लग्नाला मंगळ पाचव्या आणि दहाव्या स्थानांचा स्वामी असल्याने योगकारक, म्हणजे विशेष शुभ फळ देणारा, मानला जातो. सोबत शुक्र आहे. शनीची दृष्टी तिसऱ्या, सातव्या आणि दहाव्या स्थानावर असते. मीनेतल्या शनीची ती वृषभ, कन्या आणि धनू राशींवर पडते, वृश्चिकेवर नाही. पंचमात मंगळ म्हटल्यावर काही जण गर्भाला धोका असं लगेच सांगतात. पण स्वराशीतला, योगकारक, शुभग्रहासोबतचा मंगळ आणि परक्या राशीतला पीडित मंगळ यांना एकाच मापाने मोजता येत नाही. पहिले दोन साक्षीदार इथे स्पष्ट चांगलं बोलतात. गुरू तोच, नीच, पण आता सप्तम स्थानात, केंद्रात, आणि त्याची सातवी दृष्टी थेट लग्नावर.

या दोघी मुलींच्या पत्रिका एकाच घरात स्थळ म्हणून आल्या, तर फक्त 'गुरू नीच' एवढं पाहणारा माणूस दोघींना सारखंच नाकारेल. तीन साक्षी नीट घेणारा मात्र कर्क लग्नाच्या मुलीबद्दल म्हणेल, संततीला अडचण दिसत नाही, कारक दुबळा आहे म्हणून थोडा विलंब किंवा मुलांविषयी काळजी जरा जास्त, एवढंच. मिथुन लग्नाच्या मुलीबद्दल म्हणेल, विलंब आणि प्रयत्न दिसतात, पंचम स्थान बिघडलेलं नाही, म्हणून नकाराची भाषा करू नये. यापलीकडे या मांडणीतून काही निघत नाही. मूल होण्याचा प्रश्न प्रत्यक्षात दोन शरीरांचा आहे आणि तो आधी डॉक्टरांकडे न्यायचा. कुंडली परंपरेच्या चौकटीत बोलते, तपासणीची जागा घेत नाही. आणि नवऱ्याची पत्रिका न पाहता बायकोच्या एकटीच्या पत्रिकेवरून संततीचं भाकीत सांगणं तर शास्त्रालाही मान्य नाही. संततीच्या विचारात पुरुषाचं बीज आणि स्त्रीचं क्षेत्र अशी दोन वेगळी गणितं आहेत. बीजासाठी रवी, शुक्र आणि गुरू यांच्या अंशांची बेरीज करतात, क्षेत्रासाठी चंद्र, मंगळ आणि गुरू यांची. दोन्हींत गुरू आहे, हे लक्षात घ्या. रामबागेतल्या काकूंनी मुलीचा गुरू पाहिला आणि मुलाचा पाहिलाच नव्हता, तिथे चूक होत होती.

आता नीचभंग. 'गुरू नीच आहे, पण नीचभंग झालाय' हेही वाक्य तितकंच सैलपणे फिरतं. नियम असा. ग्रह ज्या राशीत नीच आहे त्या राशीचा स्वामी, किंवा त्या ग्रहाच्या उच्च राशीचा स्वामी, लग्नापासून किंवा चंद्रापासून केंद्रात, म्हणजे पहिल्या, चौथ्या, सातव्या किंवा दहाव्या स्थानात असेल, तर नीचपणा भंगतो. गुरू मकरेत नीच, मकरेचा स्वामी शनी. गुरू कर्केत उच्च, कर्केचा स्वामी चंद्र. म्हणून १९९७ च्या प्रत्येक पत्रिकेत आधी शनी आणि चंद्र कुठे आहेत ते बघायचं. शनी ते संपूर्ण वर्ष मीनेत होता. त्यामुळे मीन, मिथुन, कन्या आणि धनू या चार लग्नांना तो आपोआप केंद्रात येतो. आमच्या अकरा वाजताच्या मुलीला मिथुन लग्न आहे, शनी आणि चंद्र दोघेही दहाव्या स्थानात, म्हणजे नीचभंग पक्का. कर्क लग्नाच्या मुलीला शनी नवमात येतो, लग्नापासून केंद्र नाही. पण चंद्र त्याच राशीत आहे, म्हणजे चंद्रापासून शनी पहिल्याच स्थानात, केंद्रात. तिलाही नीचभंग मिळतो.

गंमत बघा, नीचभंग पक्का मिळाला तो मिथुन लग्नाला, जिथे पंचमेश सहाव्यात आणि गुरू आठव्यात आहे. नीचभंगाने गुरूच्या राशीचा दोष कमी होतो, त्याचं स्थान बदलत नाही. आठव्या स्थानातला गुरू नीचभंगानंतरही आठव्यातच राहतो. त्याची दृष्टी पंचमावर पडत नव्हती, ती नीचभंगाने पडायला लागत नाही. 'नीचभंग राजयोग' हे शब्द ऐकून हुरळून जाणाऱ्यांना एवढं सांगावंसं वाटतं की कारकाची राशी, त्याचं स्थान आणि त्याची दृष्टी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि नीचभंग त्यातली पहिलीच दुरुस्त करतो. राशीचे नऊ भाग करून मांडलेल्या नवमांशातही या गुरूला फारसा आधार नाही. अठराव्या अंशावर तो मिथुन नवमांशात येतो, बुधाच्या राशीत, आणि बुधाला गुरूचा शत्रू मानलं आहे.

कारक वापरण्याची आणखी एक जुनी रीत आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते, कारण घाईच्या वाचनात ती कोणी करत नाही. कारकालाच लग्न समजायचं आणि तिथून त्याच्या विषयाचं स्थान मोजायचं. वडिलांसाठी रवीपासून नववं, आईसाठी चंद्रापासून चौथं, भावंडांसाठी मंगळापासून तिसरं, जोडीदारासाठी शुक्रापासून सातवं, संततीसाठी गुरूपासून पाचवं. आपल्या उदाहरणात गुरू मकरेत आहे, मकरेपासून पाचवी रास वृषभ. तिचा स्वामी शुक्र वृश्चिकेत, म्हणजे वृषभेच्या बरोबर समोर. कोणताही ग्रह आपल्यापासून सातव्या स्थानाकडे पूर्ण दृष्टीने पाहतो, म्हणून शुक्र आपल्याच राशीला बघतो. गुरू स्वतःही पाचव्या दृष्टीने वृषभेकडे पाहतो. त्याच राशीवर मंगळाची सातवी आणि शनीची तिसरी दृष्टीही आहे. म्हणजे गुरूकडून पाहिलं तर संततीचं स्थान पीडित आहे, पण त्याचा धनी त्याला सोडून गेलेला नाही. माझा निष्कर्ष असा की मिथुन लग्नाच्या मुलीला 'विलंब' म्हणायचं आणि 'नाही' म्हणायचं नाही, याला गुरूपासूनची ही मोजणीही दुजोरा देते. हा दुजोरा कर्केच्या मुलीलाही तसाच लागू होतो, कारण गुरू, शुक्र, मंगळ, शनी दोघींचे एकच आहेत.

फळ कधी मिळेल, हे दशेवरून बघतात. त्या रात्री चंद्र रेवती नक्षत्रात होता, म्हणून दोघींची सुरुवात बुधाच्या महादशेने होते. तिची पहिलीला साधारण साडेनऊ वर्षं उरलेली आणि दुसरीला साधारण आठ, मग केतूची सात वर्षं, आणि वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षाच्या आसपास शुक्राची वीस वर्षांची महादशा लागते. म्हणजे लग्न आणि मुलांचं वय दोघींचंही शुक्राच्याच दशेत येतं. कर्केच्या मुलीला हा शुक्र पंचमात पंचमेशाजवळ बसलेला आहे. मिथुनेच्या मुलीला तो स्वतःच पंचमेश आहे, पण सहाव्यात. शुक्राच्या महादशेत गुरूची अंतर्दशा पहिलीला साधारण सव्विसाव्या ते एकोणतिसाव्या वर्षात येते, दुसरीला त्याच्या सुमारे दीड वर्ष आधी. भाव सांगतो काय मिळणार, दशा सांगते दार कधी उघडणार, आणि दार उघडायला कारकाची अंतर्दशा फार वेळा निमित्त होते, असं ज्योतिषी मानतात. मिथुन लग्नाच्या मुलीबाबत मी म्हणेन, ही अंतर्दशा संततीसाठी पहिली संधी समजावी. पण गुरू आठव्यात असल्यामुळे त्या काळात काही झालं नाही तर धीर सोडू नये, त्यानंतर येणारी शनीची अंतर्दशाही बघावी. गुरू ज्या राशीत बसला आहे तिचा स्वामी शनी आहे आणि तो या मुलीच्या दशम स्थानात आहे.

एक गोष्ट इथे वेगळी काढून सांगितली पाहिजे, कारण तिथे तीन साक्षीदारांचे दोनच उरतात. सिंह लग्नाला पंचमात धनू येते आणि वृश्चिक लग्नाला मीन. दोन्हींचा स्वामी गुरू. म्हणजे या दोन लग्नांना पंचमेश आणि संततीचा कारक एकच ग्रह. तो चांगला असेल तर दोन्ही साक्षी चांगल्या, तो बिघडला तर दोन्ही बिघडतात आणि मधे बोलायला तिसरं कोणी नाही. १९९७ च्या सिंह लग्नाच्या पत्रिकेत हा गुरू मकरेत, सहाव्या स्थानात येतो. वृश्चिक लग्नाच्या पत्रिकेत तो तिसऱ्या स्थानात येतो. अशा पत्रिकांत पंचमावरची इतर ग्रहांची दृष्टी, चंद्रापासूनचं पाचवं स्थान आणि संततीसाठी पाहिली जाणारी सप्तांश कुंडली यांना जास्त वजन द्यावं लागतं. शुक्राच्या बाबतीत हेच मेष आणि वृश्चिक लग्नांना घडतं. मेषेपासून सातवी तूळ, वृश्चिकेपासून सातवी वृषभ, दोन्हींचा स्वामी शुक्र.

'कारको भावनाशाय' हा आणखी एक सर्रास वापरला जाणारा नियम. कारक आपल्याच विषयाच्या स्थानात बसला तर ते स्थान बिघडवतो, असा त्याचा आशय. गुरू पंचमात, शुक्र सप्तमात, चंद्र चतुर्थात. गुरूबद्दल तर जुनी धारणाच आहे की तो बसतो ते स्थान कमी करतो आणि पाहतो ते वाढवतो. पण या नियमाला लगेच अपवादही दिलेले आहेत. शनी आयुष्याचा कारक, तो आठव्यात असला तर आयुष्य वाढतं असं मानतात. माझं मत असं की हा नियम एकटा घेऊन कधीही निर्णय देऊ नये. गुरू पंचमात स्वराशीत किंवा उच्च असेल तर पंचमाला त्याने बिघडवलं असं म्हणणं मला पटत नाही. तो शत्रुराशीत असेल, पाप ग्रहांत अडकलेला असेल आणि पंचमेशही दुबळा असेल, तेव्हा नियमाला अर्थ येतो. तेव्हाही तो सांगतो फक्त अपेक्षा मोठी आणि समाधान कमी, एवढंच.

शुक्राबद्दल थोडक्यात. रवीपासून तो ४८ अंशांपेक्षा जास्त दूर कधीच जात नाही. त्यामुळे तो पुष्कळांच्या पत्रिकेत रवीच्या राशीत किंवा शेजारच्या राशीत सापडतो, आणि अस्तंगत शुक्र ही फार दुर्मिळ गोष्ट नाही. 'शुक्र अस्त, लग्नसुख नाही' असं कोणी म्हटलं तर सप्तम स्थान आणि सप्तमेश आधी विचारा. स्त्रियांच्या पत्रिकेत पतीसाठी गुरू पाहण्याचीही परंपरा आहे. म्हणूनच सत्त्याण्णवच्या मुलींना दुहेरी ऐकावं लागतं, नवऱ्याबद्दलही आणि मुलांबद्दलही, एकाच गुरूवरून. हा त्यांच्यावर अन्याय आहे, आणि तो थांबवायला प्रत्येकीचा सप्तमेश आणि पंचमेश शोधणं पुरेसं आहे. दोन मिनिटांचं काम आहे.

शेवटी कारकाचा सगळ्यात व्यवहारी उपयोग. जन्मवेळ पक्की नसेल तेव्हा तो कामाला येतो. कोजागिरीच्या त्या रात्री इंदूरला मध्यरात्रीच्या पाच-सहा मिनिटं आधी मिथुन लग्न संपून कर्क सुरू झालं. म्हणजे ११.५० आणि १२ यांतला फरक पूर्ण पत्रिका बदलतो. त्यात आपल्याकडची आणखी एक अडचण. घड्याळ भारतीय प्रमाणवेळ दाखवतं, ती ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. इंदूर आहे साधारण ७५.९ अंशांवर, त्यामुळे आपली स्थानिक वेळ सव्वीस-सत्तावीस मिनिटं मागे असते. ११.४० ला जन्मलेल्या मुलीची वेळ कोणी हा फरक न वजा करता तशीच स्थानिक धरली, तर लग्न कर्क निघेल, आणि खरं लग्न मिथुन आहे. हाताने मांडलेल्या जुन्या पत्रिकांत ही चूक आढळते. तपासायचं असेल तर पत्रिकेवर लिहिलेली वेळ आणि इंदूरचा रेखांश घेऊन लग्न पुन्हा काढावं. उज्जैन आणि इंदूर जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, त्यामुळे उज्जैनसाठी काढलेल्या लग्नसारणीने इंदूरच्या पत्रिकेत फार फरक पडत नाही.

वेळ खरंच संशयास्पद असेल, 'बारा वाजून गेले होते की नाही ते आठवत नाही' असं आजी म्हणत असतील, तर मी दोन्ही लग्नं मांडतो. दोन्हींत जे बदलतं ते बाजूला ठेवतो आणि जे बदलत नाही ते पहिलं वाचतो: गुरू मकरेत, त्याच्यापासून पाचव्या वृषभेवर शुक्राची आणि त्याची स्वतःची दृष्टी, चंद्र मीनेत आणि त्याच्यापासून पाचव्या कर्केवर गुरूची पूर्ण दृष्टी. एवढ्यावरून संततीबद्दल 'नाही' असं कुठेच निघत नाही. विलंब किती, कोणत्या वयात, कोणत्या कारणाने, हे सांगायला मात्र लग्नच लागतं, आणि ते पक्कं होईपर्यंत ते सांगायचं नाही.

रामबागेतल्या काकूंच्या मुलाचं लग्न शेवटी निघालं कन्या. पंचमात मकर, आणि तिथेच गुरू, नीच. पंचमेश शनी सातव्या स्थानात मीनेत, केंद्रात, म्हणून नीचभंग. आणि शनी ज्या मीनेत बसला आहे तिचा स्वामी तोच गुरू, म्हणजे गुरू शनीच्या घरात आणि शनी गुरूच्या घरात. असा राशींचा अदलाबदल योग असताना कारक आणि भावेश एकमेकांना सांभाळून घेतात, असं शास्त्र मानतं. "मग मुलीच्या गुरूचं काय?" त्यांनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, "काकू, तिचं लग्न कोणतं ते आधी विचारा, आणि जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावरून घ्यायला सांगा."